वडिलांचा पुनर्विवाह आणि घरातील मूल: पहिल्या वर्षाचा क्रम

आई गेल्यानंतर किंवा घटस्फोटानंतर ज्या घरात मूल वडिलांकडे राहते, तेथे दुसऱ्या लग्नाची चर्चा बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: "मुलीला आई हवी." पुढच्या बहुतेक चुका या वाक्यातून निघतात. वडील, आजी आणि नातेवाईक मिळून एका अनोळखी स्त्रीवर पहिल्याच दिवशी आईपण सोपवतात, वडील हायसे वाटून दोन पावले मागे सरकतात, आणि सहा महिन्यांत "मूल तिला स्वीकारत नाही" किंवा "तिला मुलाची माया नाही" असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा त्या दोघींपैकी कोणाचाच नसतो, चुकलेला असतो तो क्रम. आधी ओळख, मग सोबत, मग देखभाल आणि सर्वांत शेवटी अधिकार, असा हा क्रम आहे आणि तो वर्षभर सांभाळावा लागतो.

या लेखात मी एकच परिस्थिती घेतली आहे: आई हयात नाही, मूल साधारण सहा ते बारा वर्षांचे आहे आणि वडील पुनर्विवाह करीत आहेत. आई हयात असून विभक्त असेल तर काय बदलते, ते त्या त्या ठिकाणी थोडक्यात येईल. उदाहरणासाठी समुपदेशनाच्या निमित्ताने जवळून पाहिलेले नाशिकचे एक घर घेतले आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. मुलगी नऊ वर्षांची, इयत्ता चौथीत. आईला जाऊन अडीच वर्षे झालेली. घरात वडील आणि आजी. वडिलांची होणारी पत्नी छत्तीस वर्षांची, नोकरी करणारी, पहिल्या विवाहातून घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही. लग्न मे महिन्यात ठरलेले.

टप्पा 1: लग्नाच्या तीन-चार महिने आधी, घरातले बदल आधीच उरकणे

मुलाच्या दृष्टीने लग्नाने एक व्यक्ती घरात येते आणि त्याच वेळी काही गोष्टी हातून जातात. बाबांच्या शेजारची झोपण्याची जागा जाते, स्वयंपाकघराची जुनी घडी जाते, आणि आई कधीतरी परत येईल ही मनाच्या तळाशी दडलेली, कोणालाही न सांगितलेली आशा जाते. आईचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलेल्या मुलांतही ही आशा असते. म्हणून पुनर्विवाह ठरला की दोन वर्षांपूर्वी शांत झालेले दुःख पुन्हा वर येते. "इतके दिवस तर ठीक होती, आता काय झाले?" हा आजीचा प्रश्न येथे चुकीचा ठरतो.

जे बदल अटळ आहेत ते नव्या व्यक्तीच्या येण्याशी जोडले जाऊ नयेत. आमच्या उदाहरणातील मुलगी आई गेल्यापासून बाबांजवळ झोपत होती. वडिलांना वाटले, लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिला आजीच्या खोलीत हलवू. तसे झाले असते तर तिच्या हिशेबात "ती आली आणि मला बाहेर काढले" अशीच नोंद झाली असती. म्हणून फेब्रुवारीतच आजीच्या खोलीत तिची स्वतंत्र गादी, तिचा दिवा आणि पुस्तकांचा कप्पा अशी मांडणी केली. पहिले पंधरा दिवस बाबा तिच्या उशाशी झोप लागेपर्यंत बसत. नंतर गोष्ट वाचून उठू लागले. मे उजाडेपर्यंत ती जागा तिची झाली होती.

शाळा बदलणे, घर बदलणे आणि लग्न या तिन्ही गोष्टी एकाच जूनमध्ये आणणे ही फार नेहमीची चूक आहे. नवे घर घ्यायचेच असेल तर ते शक्यतो वर्षभर पुढे ढकलावे, आणि ढकलता येत नसेल तर निदान शाळा तरी तीच ठेवावी.

*तपासणी:* मूल सलग महिनाभर नव्या जागी झोपत आहे का? नसेल, तर हा टप्पा पुरा झालेला नाही.

टप्पा 2: बातमी कोणी आणि कशी सांगायची

बातमी वडिलांनीच, एकट्याने आणि पाहुण्यांची वर्दळ नसलेल्या दिवशी सांगावी. आजीकडून, आत्याकडून किंवा शेजारच्या मुलांकडून ती कळली, तर "बाबांनी माझ्यापासून लपवले" ही गाठ पुढे सुटत नाही. लग्न पक्के होण्याआधी उगाच प्रत्येक स्थळाची कल्पना मुलाला देऊ नये. पण पक्के झाल्यावर किमान दोन-तीन महिने हातात राहतील अशा बेताने सांगावे.

सांगण्यात तीन गोष्टी असाव्यात: काय ठरले आहे, काय बदलणार आहे आणि काय बदलणार नाही. त्या वडिलांनी वापरलेली वाक्ये साधी होती. "मी एका बाईंशी लग्न करणार आहे. त्या मे महिन्यात आपल्या घरी राहायला येतील. तुझी आई ती तुझी आईच राहील, तिची जागा कोणी घेणार नाही. तुला शाळेत मीच सोडणार, आणि मेमध्ये तू आजोळी जाणारच." मुलगी काही बोलली नाही, उठून टीव्ही लावला. वडील घाबरले, पण त्यांनी टीव्ही बंद केला नाही. रात्री अंथरुणात तिने विचारले, "आईचा फोटो काढणार का?" मुलांचे खरे प्रश्न असे उशिरा आणि अगदी नेमके येतात: मी कुठे झोपणार, माझ्या वेण्या कोण घालणार, मी आजोळी गेले तर परत आल्यावर माझी खोली असेल ना. त्यांना तितकीच नेमकी उत्तरे द्यावीत.

*इशारा:* "तू हो म्हणालीस तरच मी लग्न करेन" असे वाक्य कितीही प्रेमाने म्हटले तरी बोलू नये. नऊ वर्षांच्या मुलीवर मोठ्यांच्या निर्णयाचे ओझे पडते. नकार दिला तर बाबांना एकटे ठेवल्याचा अपराध तिच्या माथी येतो, होकार दिला तर आईशी बेइमानी केल्याचा. तिचे मत ऐकावे, तिच्या झोपण्याच्या, खाण्याच्या, वस्तूंच्या बाबतीत निर्णयही तिला घेऊ द्यावेत; लग्न करायचे की नाही हा निर्णय मात्र वडिलांचा आहे आणि तो तसा स्पष्ट सांगावा.

टप्पा 3: भेटी, आणि काय म्हणून हाक मारायची

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाला नवे कपडे घालून मध्ये बसवणे आणि "जा, त्यांना नमस्कार कर, आता त्याच तुझी आई" असे म्हणणे टाळावे. पहिल्या भेटी घराबाहेर, तासाभराच्या आणि काहीतरी करता येईल अशा असाव्यात. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी बसून काही करणे मुलांना सोपे जाते. या मुलीच्या पहिल्या दोन भेटी बागेत आणि वह्या-रंगांच्या दुकानात झाल्या, तिसऱ्या भेटीत तिघांनी मिळून भेळ केली. लग्नापूर्वी अशा सहा भेटी झाल्या आणि शेवटच्या दोन घरी. भेटवस्तूंचा मारा करू नये. प्रत्येक भेटीला खेळणे आले की मूल खेळण्याची वाट पाहते आणि व्यक्तीची ओळख मागे राहते.

हाकेचा प्रश्न लग्नाआधी सोडवावा, नाहीतर तो मांडवात शंभर नातेवाईक सोडवतात. "आई" म्हणायला लावू नये. काही मुले वर्षा-दोन वर्षांनी आपणहून म्हणतात, काही कधीच म्हणत नाहीत, आणि न म्हणणाऱ्यांचे नाते कमी दर्जाचे असते असे मुळीच नाही. "मावशी" हा शब्द सोयीचा वाटतो, पण सख्खी मावशी असेल तर तिला आणि मुलीला दोघींना तो खुपू शकतो. या घरात मुलीनेच नावापुढे "ताई" लावायचे ठरवले. आजीला ते विचित्र वाटले. आजीचे वाटणे समजण्यासारखे होते, तरी हाक मुलीच्या मर्जीने राहिली.

आई हयात असेल तर "आई" हा शब्द तिच्यासाठीच राखलेला आहे हे मुलासमोर नव्या पत्नीने स्वतः म्हणावे. त्या एका वाक्याने मुलाच्या मनातली पुष्कळ ओढाताण कमी होते.

टप्पा 4: आईच्या वस्तू

या टप्प्यावर मी जास्त थांबतो, कारण घरे येथेच सर्वाधिक चुकतात आणि ती चूक मागे घेता येत नाही.

नवी नवरी येण्यापूर्वी घर "मोकळे" करण्याची घाई असते. साड्या वाटल्या जातात, फोटो माळ्यावर जातो, स्वयंपाकघर नव्याने लावले जाते. उदाहरणातील घरात आजीने लग्नाच्या आधी जुनी स्टीलची भांडी मोडीत देण्यासाठी पोत्यात भरली. त्यांतल्या बऱ्याच भांड्यांवर मुलीच्या आईचे नाव घातलेले होते. मुलीने रात्री उठून त्यांतून एक वाटी काढली आणि दप्तरात लपवली. ती वाटी तीन आठवडे शाळेत ये-जा करीत होती. दप्तरातून वरणाचा वास कसा येतो म्हणून बाईंनी तपासले तेव्हा हे उघड झाले.

योग्य पद्धत अशी. लग्नाच्या निदान महिनाभर आधी वडील आणि मूल दोघांनी बसून आईच्या वस्तूंचे तीन भाग करावेत: मुलाकडे आत्ताच राहतील त्या, मूल मोठे झाल्यावर द्यायच्या त्या, आणि आजोळी किंवा इतरत्र द्यायच्या त्या. पहिला भाग एका पेटीत, मुलाच्या ताब्यात आणि मुलाच्या हाताला येईल अशा ठिकाणी असावा. रोजच्या वापरातल्या एक-दोन वस्तू मात्र पेटीत न घालता वापरातच ठेवाव्यात. त्या घरात नाव घातलेल्या चार वाट्या आणि एक डबा पोत्यातून परत आले. नव्या पत्नीला हे आधी सांगितले होते. ती त्याच वाट्यांत आमटी वाढत असे आणि वाटी मुलीच्याच ताटात जाईल याकडे लक्ष ठेवत असे. त्याचा तिने कधी उच्चार केला नाही, आणि मुलीने तो ओळखला.

फोटो दिवाणखान्यातून हलवायचा असेल तर मुलाला विचारून त्याच्या खोलीत हलवावा. लपवू नये, आणि नव्या पत्नीला रोज त्या फोटोला हार घालण्याचे कामही लावू नये.

दागिन्यांचे काम वेगळे आहे आणि ते लेखीच करावे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 15 नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीची मुले आणि पती हे तिचे पहिल्या क्रमाचे वारस असतात. म्हणजे आईच्या दागिन्यांत मुलीचाही हक्क आहे. लग्नाआधी यादी करावी, मुलीसाठी ठेवायचे ते वेगळे करून लॉकरमध्ये ठेवावेत आणि यादीची एक प्रत आजोळी द्यावी. "तिच्या आईचे मंगळसूत्र हिच्या गळ्यात" या संशयावरून आजोळ आणि घर यांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलाने भरला, कारण त्याचे मेमधले आजोळ गेले.

टप्पा 5: लग्नाचा दिवस

मुलाला त्या दिवशी लहानसे, नेमके काम द्यावे आणि त्यातून सुटण्याची मोकळीकही द्यावी. एक ओळखीचा मोठा माणूस, शक्यतो मामा किंवा आत्या, दिवसभर केवळ मुलासाठी मोकळा असावा. त्याला दुसरे काही काम देऊ नये. मूल कंटाळले, रडले किंवा निघून जावेसे वाटले, तर त्याने मुलाला बाहेर न्यावे. नातेवाइकांना आधीच निरोप द्यावा की "आता खूश ना?", "नवी आई आवडली का?" असे प्रश्न विचारू नयेत.

लग्नानंतर दोघांनी बाहेरगावी जायचे असल्यास तीन-चार दिवसांत परतावे, आणि परतण्याचा दिवस मुलाला कॅलेंडरवर दाखवून ठेवावा. तो दिवस चुकवू नये.

टप्पा 6: पहिले सहा आठवडे, वडील पुढे आणि नवी पत्नी शेजारी

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. लग्नापूर्वी वडील मुलासाठी जी कामे करीत होते, त्यांतले एकही काम पहिल्या सहा आठवड्यांत नव्या पत्नीकडे जाऊ नये. शाळेत सोडणे, अभ्यास घेणे, डॉक्टरांकडे नेणे, झोपवणे ही कामे वडिलांकडेच राहतील. नोकरीमुळे वेळ नसेल तर आजीची कामे आजीकडे राहतील. नव्या पत्नीने आपल्या परीने नव्या, रिकाम्या जागा शोधाव्यात, म्हणजे ज्या कामांत ती कोणाचीही जागा घेत नाही अशा.

या मुलीच्या वेण्यांचे उदाहरण घ्या. आई गेल्यावर वडील वेण्या घालायला शिकले होते. भांग वाकडा आणि एक वेणी वर, एक खाली. नव्या पत्नीला ते रोज दिसे, हात शिवशिवत. पहिल्याच आठवड्यात तिने प्रेमाने कंगवा हातात घेतला तर मुलगी मागे सरली आणि म्हणाली, "बाबाच घालतात." तिने कंगवा लगेच परत दिला. पुढे दोन महिने ती फक्त रिबिनी इस्त्री करून ठेवी. ऑगस्टमध्ये शाळेत नाच होता, आंबाडा हवा होता, आणि तो बाबांना येत नव्हता. त्या दिवशी मुलगी स्वतः पाट घेऊन तिच्यासमोर बसली. दुसऱ्या दिवसापासून वेण्या पुन्हा बाबांकडे गेल्या, आणि तेही योग्यच झाले.

वडील आणि मूल यांचा रोजचा वीस-तीस मिनिटांचा वेळ असा राखून ठेवावा की ज्यात तिसरे कोणी नाही. दुचाकीवरून शाळेत जाणे चालेल, जेवणानंतर चक्कर मारणे चालेल. "आता आपण सगळे एक कुटुंब आहोत, सगळे मिळूनच जाऊ" या उत्साहात हाच वेळ पहिल्यांदा बुडतो. सावत्र कुटुंबात एकत्र वेळेइतकीच दोघा-दोघांची वेळ लागते: वडील आणि मूल, नवरा आणि बायको, आणि पुढे सावकाश नवी पत्नी आणि मूल. तिघांनी एकत्र असताना मूल बहुधा वडिलांकडे वळते आणि नवी पत्नी परकी पडते. ते टाळता येत नाही, पण दोघींनाच एखादे लहान काम असेल तर ते विरते.

*तपासणी:* सहाव्या आठवड्याच्या शेवटी वडिलांनी स्वतःला विचारावे, "माझे मुलासोबतचे एकट्याचे तास लग्नाआधीपेक्षा घटले आहेत का?" उत्तर हो असेल तर मुलाचा राग नव्या पत्नीवर निघत असला तरी कारण वडिलांकडे आहे.

टप्पा 7: शिस्त आणि अधिकार

पहिल्या वर्षात रागावणे, शिक्षा करणे आणि परवानगी नाकारणे हे वडिलांनी करावे. नाते जुळण्याआधी आलेला अधिकार मुलाला अपमानासारखा लागतो, आणि नव्या पत्नीचे सगळे कष्ट त्यात वाया जातात. तरीही वडील कामावर असताना घरात कोणीतरी "टीव्ही बंद" म्हणावे लागतेच. त्यासाठी घराचे पाच-सहा नियम वडिलांनी स्वतः मुलासमोर सांगावेत, कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत आणि म्हणावे, "मी नसताना हे नियम ताई सांगेल. नियम माझे आहेत." मग नव्या पत्नीचा अधिकार वर्गावर तात्पुरत्या येणाऱ्या बाईंसारखा होतो: नियम तिचे नसतात, ते पाळले जातील एवढे ती पाहते.

"तू माझी आई नाहीस" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. त्यावर रडणे, नवऱ्याला फोन लावणे किंवा "तुझ्यासाठी मी किती करते" असे सुनावणे, या तिन्ही प्रतिक्रियांनी ते वाक्य हत्यार बनते. उत्तर असे असावे: "बरोबर आहे, मी तुझी आई नाही. साडेआठ वाजले आहेत आणि आपल्या घरात साडेआठला टीव्ही बंद होतो." पहिला भाग मान्य केला की भांडणाचा विषय उरत नाही. प्रेमाची सक्ती करता येत नाही, पण सभ्य वागण्याची करता येते. उद्धट बोलल्याबद्दल वडिलांनी त्याच दिवशी, एकांतात मुलाला जाब विचारावा. वडिलांनी गप्प राहणे हे मुलाच्या बाजूने बोलणेच ठरते.

नवरा-बायकोने आठवड्यातून एकदा तासभर घराबाहेर बसून या विषयावर बोलावे. दोन खोल्यांच्या घरात दार लावून केलेले बोलणे मुलाला ऐकू येते, आणि त्यातला "तुझी मुलगी" हा शब्दप्रयोग ते कधी विसरत नाही.

टप्पा 8: सणांचा अंदाज आधी घेणे

मेमध्ये लग्न झाले असेल तर पहिला कठीण काळ भाद्रपद-आश्विनात येतो. पितृपक्षात अविधवा नवमी असते आणि पतीच्या हयातीत गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध ज्या घरांत त्या दिवशी होते, तेथे पहिल्या वर्षी हे कसे करायचे ते वडिलांनी आधी ठरवावे. या घरात स्वयंपाक आजीने केला, पान मुलीने वाढले, आणि नवी पत्नी त्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर गेली. तिने रजा घेऊन सगळे करावे अशी आजीची इच्छा होती; पण तो दिवस मुलीचा होता.

दिवाळीत याहून बारीक अडचण आली. आई गेल्यापासून दोन पाडव्यांना मुलीनेच बाबांना ओवाळले होते. यंदा पत्नी ओवाळणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते, मुलीला कोणी विचारलेच नव्हते. आदल्या रात्री तिच्या पोटात दुखू लागले. वडिलांच्या लक्षात आले आणि सकाळी ताम्हन आधी मुलीच्या हाती दिले, मग पत्नीच्या. पोटदुखी थांबली असे मी म्हणत नाही, पण ती फराळाला बसली. सणाच्या आठवडाभर आधी वडिलांनी मुलाला एवढेच विचारावे: "या सणात तू काय काय करतेस, जे तुझेच आहे?"

आजोळशी संबंध तोडू नयेत. नव्या पत्नीने पहिल्या वर्षी एकदा तरी आजोळी जाऊन भेटावे, आणि आजी-आजोबांनी मुलाला "ती तुला नीट जेवायला देते का?" असे विचारू नये, ही विनंती वडिलांनी करावी. आई हयात असून वेगळी असेल तर कुटुंब न्यायालयात दाखल झालेल्या संमतीपत्रातील भेटीचे वेळापत्रक नव्या घराच्या सोयीसाठी बदलू नये; पहिल्या वर्षात त्यातला प्रत्येक दिवस पाळावा.

टप्पा 9: शाळा आणि कागदपत्रे

जून उजाडण्यापूर्वी वर्गशिक्षकांना वडिलांनी प्रत्यक्ष भेटून सांगावे, आणि "माझी आई" या विषयावर निबंध आला तर मुलीला विषय निवडू द्यावा, ही सूचना करून ठेवावी. डायरीवर सही वडिलांची. पालकसभेला पहिल्या वर्षी वडील जातील. नव्या पत्नीने जावे की नाही हे मुलाला विचारावे.

कायद्याने सावत्र आई आपोआप पालक होत नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून सांगितलेल्या "आई" आणि "वडील" या शब्दांत सावत्र आई-वडिलांचा समावेश नाही. म्हणून शाळेच्या आणि पासपोर्टच्या अर्जात आईच्या रकान्यात जन्मदात्या आईचेच नाव राहील. ते बदलण्याचा विचार पहिल्या वर्षात करूही नये. याच्या उलट, वडील गेल्यानंतर आईने पुनर्विवाह केला असेल तर मुलाच्या आडनावाचा प्रश्न येतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह करणारी, नैसर्गिक पालक असलेली आई मुलाचे आडनाव ठरवू शकते, आणि कागदपत्रांत नव्या पतीचा उल्लेख "सावत्र वडील" असा करण्याचा आदेश न्यायालयाने जवळजवळ क्रूर आणि अविचारी ठरवला.

वर्षाच्या शेवटी काय अपेक्षित धरावे

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ब्रे यांनी सावत्र कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि पहिली दोन वर्षे सर्वांत खडतर असतात असे त्यांना आढळले. तेव्हा बाराव्या महिन्यात आपले घर स्थिर झालेले नाही म्हणून घाबरू नये. आठ-नऊ वर्षांखालील मुले तुलनेने लवकर रुळतात, दहा ते चौदा या वयातील मुलांना अधिक काळ लागतो, कारण त्याच वयात ती घरापासून सुटी होऊ पाहत असतात आणि आपण त्यांना नव्या घरात बांधू पाहतो.

बारा महिन्यांनंतर पुढील गोष्टी दिसल्या तर क्रम बरोबर चालला आहे असे समजावे. मूल नव्या पत्नीला एखादी किरकोळ गोष्ट आपणहून विचारते. वडील घरी नसले तरी दोघी एका खोलीत सहज असतात. आईचा विषय तिच्यासमोर निघतो आणि कोणाचा आवाज बदलत नाही. आलिंगन, "आई" ही हाक किंवा वाढदिवसाचे भेटकार्ड या गोष्टी या यादीत मुद्दाम घेतलेल्या नाहीत.

सर्वांत फसवे मूल असते ते अतिशहाणे मूल. पहिल्या महिन्यापासून कामे करणारे, कधीच न चिडणारे, सगळ्यांनी कौतुक केलेले. असे मूल पुष्कळदा बाबाही हातचे जातील या भीतीने वागत असते. त्याला कधीमधी बेशिस्त वागण्याची मुभा आहे, हे वडिलांनी कृतीतून दाखवावे.

*इशारा:* थोडी पोटदुखी, चिडचिड, बाबांना चिकटून राहणे आणि गुणांत किंचित घसरण हे पहिल्या काही महिन्यांत अपेक्षित आहे. मात्र अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू होऊन महिनाभर टिकले, मूल जेवण टाळू लागले, शाळेत जायला सलग नकार देऊ लागले, स्वतःला इजा करण्याचे किंवा "मी आईकडे जाते" अशा अर्थाचे बोलू लागले, किंवा घरातील विशिष्ट व्यक्तीबरोबर एकटे राहायला घाबरू लागले, तर वाट पाहू नये. शेवटच्या लक्षणाबाबत तर मुलाचे आधी ऐकावे आणि त्यावर विश्वास ठेवावा. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 या दोन्ही क्रमांकांवर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

नाशिकच्या त्या घरात पुढच्या मे महिन्यात मुलगी आजोळी निघाली तेव्हा तिने पिशवीत एक वाटी घातली, एक घरात ठेवली आणि नव्या पत्नीला सांगितले, "हिच्यात दही लावू नकोस, वास राहतो." हाक मात्र अजून "ताई" हीच आहे.